बीसीएएचा डबा, ग्लुटामिनचा डबा आणि ताटातला दुसरा बांगडा

संध्याकाळी सातच्या बॅचला कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, कुठल्याही जिममध्ये डोकावलं तरी दोन-तीन शेकरमध्ये निळं किंवा कलिंगडी रंगाचं पाणी दिसतंच. ते बीसीएए. व्यायाम करताना घोट घोट प्यायचं. घरी गेल्यावर दुसऱ्या डब्यातली पांढरी, बेचव पावडर पाण्यात ढवळून घ्यायची, ते ग्लुटामिन. दोन्ही डबे ‘रिकव्हरी’साठी म्हणून विकले जातात. म्हणजे स्नायू लवकर भरून यावेत, दुसऱ्या दिवशी अंग कमी ठणकावं आणि परवा पुन्हा तेवढंच वजन उचलता यावं. अपेक्षा रास्त आहे. पण या डब्यांमधून ती कितपत पुरी होते, हे बघायचं तर आधी दिवसभराच्या ताटाचा हिशेब मांडावा लागतो.

आधी बीसीएए म्हणजे काय ते बघू. आपण खातो ते प्रत्येक प्रोटीन वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ असते. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांपैकी ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तिघांची रचना फांदीसारखी असते, म्हणून त्यांचा वेगळा गट केला. तोच बीसीएए. डब्यावर २:१:१ लिहिलेलं असतं, म्हणजे ल्युसिन दोन भाग आणि बाकीची दोन एकेक भाग. एका स्कूपमध्ये साधारण ५ ते ७ ग्रॅम.

या तिघांनाच का उचललं, त्याला कारण आहे. बाकीच्या बऱ्याच अमिनो आम्लांवर आधी यकृतात प्रक्रिया होते. हे तिघं मात्र यकृताला जवळजवळ वळसा घालून थेट स्नायूंपर्यंत पोहोचतात. शिवाय ल्युसिनला एक खास काम आहे. रक्तात ल्युसिन वाढलं की स्नायूच्या पेशीला ‘माल आलाय, बांधकाम सुरू करा’ असा इशारा मिळतो. हा इशारा खरा आहे आणि प्रयोगशाळेत मोजताही येतो. जाहिरातीत खोटं काही नाही. ती फक्त इशाऱ्यापाशी थांबते.

कारण इशारा मिळाला तरी बांधायचं कशाने? नवा स्नायू बांधायला नऊच्या नऊ अमिनो आम्लं लागतात. तुम्ही पाठवली तीन. उरलेली सहा त्या वेळी शरीरात कुठून येणार? थोडीफार रक्तात फिरत असतात, ती संपली की शरीर स्वतःचंच जुनं प्रोटीन मोडून ती काढतं. गडग्याचे चिरे काढून पडवी बांधावी तसा हा प्रकार. पडवी उठलेली दिसते, पण गडगा तेवढाच खाली आलेला असतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. २०१७ साली रॉबर्ट वुल्फ या संशोधकाने तोवरचे माणसांवरचे प्रयोग एकत्र तपासले. ज्या प्रयोगांत शिरेतून फक्त बीसीएए दिलं होतं, तिथे स्नायूंची मोडतोड कमी झाली हे खरं, पण त्याबरोबर नवं बांधकामही कमी झालं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या गटाने व्यायाम केलेल्या तरुणांना ५.६ ग्रॅम बीसीएए प्यायला दिलं. स्नायूंमधलं बांधकाम नुसतं चवीचं पाणी प्यायलेल्यांपेक्षा २२ टक्क्यांनी वाढलं. डबा विकणारे हा आकडा आवर्जून सांगतात. पण याच प्रकारच्या प्रयोगात तेवढंच बीसीएए ज्यात आधीच असतं असं दुधापासून काढलेलं पूर्ण व्हे प्रोटीन दिल्यावर वाढ साधारण दुप्पट मिळाली होती, हे सांगायचं राहून जातं. आणि तुलना चवीच्या पाण्याशी होती, मच्छी-भाताशी नव्हती, हेही.

आता एका ताटाचा हिशेब मांडू. समजा किनाऱ्यावरचा एक २४ वर्षांचा मुलगा आहे, वजन ६० किलो, आठवड्यातून चार दिवस जिम. घरात जे शिजतं तेच तो खातो. सकाळी चहाबरोबर तीन घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी भात, एका मध्यम बांगड्याचं तिखलं, सोलकढी. संध्याकाळी चहा आणि दोन बटर. जिमहून आल्यावर भात, कुळथाची पिठी आणि थोडी भाजी.

घावण्यांना साधारण ७५ ग्रॅम तांदळाचं पीठ जातं, त्यातून साडेपाच ग्रॅम प्रोटीन मिळतं. चटणी आणि चहातलं दूध धरून सकाळचे ८ ग्रॅम. दुपारच्या भाताला १२० ग्रॅम तांदूळ, त्याचे ९. किलोला सात-आठ बसतात त्या मापाच्या बांगड्यात डोकं, काटे, आतडी काढून जेमतेम ७० ग्रॅम मांस हाताला लागतं, त्याचे १४. सोलकढीचा एक ग्रॅम धरू. दुपारचे झाले २४. चहा-बटराचे ४. रात्री १०० ग्रॅम तांदळाचा भात साडेसात ग्रॅम, पिठीला लागणाऱ्या २५ ग्रॅम कुळथाच्या पिठाचे साडेपाच, भाजीचे २. रात्रीचे १५. सगळी बेरीज ५१ ग्रॅम.

हा आकडा वाईट नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. ६० किलोला ते होतं ५० ग्रॅम. म्हणजे हा मुलगा जिमला जात नसता तर गणित बरोबर जुळत होतं. पण वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर गरज वेगळी असते. २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवल्यावर स्नायूंना फायदा होत गेला आणि त्यापुढे तो जवळजवळ थांबला. आपल्या मुलासाठी १.६ गुणिले ६० म्हणजे ९६ ग्रॅम. खातोय ५१. तूट ४५ ग्रॅमची.

या तुटीत तो सात ग्रॅमचा एक स्कूप टाकतो. दोन टाकले तरी चौदा. आणि तेही नवातल्या तिघांचेच.

त्याच्या ताटात खरोखर कमी काय आहे, हे इथेच बघण्यासारखं आहे. त्या ५१ ग्रॅम प्रोटीनमध्ये बीसीएए किती? साधारण ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ६० किलोच्या प्रौढाची तिन्ही मिळून किमान गरज रोज ५ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे ज्या ताटाला आपण अपुरं म्हणतोय, त्यातही बीसीएए किमान गरजेच्या पावणेदोन पट आहे. तांदूळ या बाबतीत मुळीच गरीब नाही. त्याच्या प्रोटीनमध्ये सुमारे आठ टक्के ल्युसिन असतं, ते माशाच्या तोडीचं.

तांदळात कमी पडतं ते लायसिन. चांगल्या प्रोटीनमध्ये ते साडेचार टक्के तरी असावं लागतं, तांदळाच्या प्रोटीनमध्ये साधारण पावणेचार भरतं. माशात मात्र ते नऊ टक्क्यांच्या जवळ जातं आणि कुळीथ, चवळी, तूरडाळ यांतही सहा-सात टक्के असतं. म्हणून भाताबरोबर मासळी किंवा पिठी ही जोडी नुसती चवीची नाही, ती एकमेकांची उणीव भरून काढते. याच मुलाच्या ताटातून श्रावणात बांगडा काढून बटाट्याची भाजी वाढली की प्रोटीन ३७-३८ ग्रॅमवर येतं आणि लायसिन किमान गरजेच्या काठावर येऊन थांबतं. बीसीएएच्या डब्यात लायसिनचा कणही नसतो. भातावर जगणाऱ्या माणसाने बीसीएए विकत घेणं म्हणजे जे घरात आहे तेच पुन्हा बाजारातून आणणं आणि जे संपलंय त्याची पिशवी दुकानातच विसरणं.

मग तूट भरायची कशी? ताट मोडायचं नाही, त्याला ठिगळं लावायची. सकाळच्या घावण्यांबरोबर दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. दुपारी तिखल्यातला आणखी एक बांगडा, १४ ग्रॅम. संध्याकाळी बटराबरोबर किंवा त्याच्या ऐवजी मूठ-दीड मूठ भाजलेले चणे, म्हणजे ४० ग्रॅम, त्याचे ८, आणि जिमहून आल्यावर एक मोठा पेला दूध, त्याचे ८. रात्रीच्या भाजीच्या जागी ५० ग्रॅम कोरड्या चवळीची उसळ, ११ ग्रॅम. आता बेरीज करा. सकाळ २०, दुपार ३८, संध्याकाळ २०, रात्र २४. एकूण १०२.

या बेरजेत आणखी एक गोष्ट आपोआप साधली. स्नायूंना एका वेळी किलोमागे ०.२५ ते ०.४ ग्रॅम प्रोटीन मिळालं की बांधकाम चांगलं चालतं. ६० किलोला तो पल्ला १५ ते २४ ग्रॅमचा. पूर्वी फक्त दुपारचं जेवण त्यात बसत होतं. रात्रीचं जेमतेम काठावर होतं आणि सकाळ-संध्याकाळ रिकामीच जात होती. आता चारही वेळा पुरेसा माल जातोय. या १०२ ग्रॅममध्ये बीसीएए किती असेल? सतरा-अठरा ग्रॅम, तेही उरलेल्या सहा सोबत्यांसकट. त्यावर आणखी एक स्कूप टाकला तर स्नायू त्याचं वेगळं काही करत नाहीत. जास्तीचं ल्युसिन जळून ऊर्जा होते आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जातो.

‘व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं फुकट’ ही भीती या डब्यांच्या विक्रीला फार उपयोगी पडते. वजनं उचलल्यावर स्नायू अन्नातलं प्रोटीन वापरायला जास्त तयार असतात हे खरं, पण ती तयारी अर्ध्या तासाची नसते, पुढचा सबंध दिवस टिकते. सातला जिम सुटली आणि नऊला चवळीची उसळ खाल्ली तरी काही निसटत नाही. दुपारी खाल्लेल्या बांगड्याचं पचनही संध्याकाळी सुरूच असतं.

ग्लुटामिनची गोष्ट वेगळी

ग्लुटामिन त्या नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लांत येत नाही. ते शरीर स्वतः बनवतं, मुख्यतः स्नायूंमध्येच, आणि तेही भरपूर. दिवसाला ४० ते ८० ग्रॅम असा अंदाज सांगितला जातो. रक्तात आणि स्नायूंत सुट्ट्या अवस्थेत सगळ्यात जास्त सापडणारं अमिनो आम्ल हेच. ‘स्नायूंमध्ये सगळ्यात जास्त असतं, म्हणून स्नायूंसाठी घ्या’ ही विक्रीची भाषा यातूनच आली. विहिरीला पाणी जास्त, म्हणून विहिरीत घागर ओता, असंच झालं हे.

तोंडावाटे घेतलेलं ग्लुटामिन स्नायूंपर्यंत पोहोचतं का, हा खरा प्रश्न. बरंचसं पोहोचत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं ते आवडतं इंधन आहे. पाच ग्रॅम प्यायल्यावर त्यातला अर्ध्याहून मोठा हिस्सा आतडं आणि यकृत वाटेतच वापरून टाकतात. यात वाईट काही नाही, आतड्यालाही खायला लागतंच. पण डब्यावर फुगलेल्या दंडाचं चित्र असतं, आतड्याचं नसतं.

‘पोचत नसेल तर डोस वाढवू’ असं कोणी म्हणेल, तर तेही करून झालंय. २००१ साली कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात तरुण मुलामुलींना सहा आठवडे वजनांचा व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या किलोमागे ०.९ ग्रॅम ग्लुटामिन दिलं. आपल्या ६० किलोच्या मुलासाठी ते पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास जाईल, म्हणजे डब्यावरच्या डोसच्या नऊपट. उरलेल्यांना नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे एक प्रकारचं पिष्ट. दोन्ही गटांची ताकद वाढली, स्नायूही वाढले. पण ग्लुटामिनवाल्यांचे जास्त वाढले नाहीत. जे काम करत होतं तो व्यायामच होता.

मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्यानंतर रक्तातलं ग्लुटामिन काही तास खाली जातं हे मोजलेलं आहे. त्यावरून सर्दी-खोकल्याची प्रतिकारशक्ती यामुळेच घसरते अशी कल्पना मांडली गेली. ग्लुटामिन देऊन रक्तातली पातळी सावरता आली, पण व्यायामानंतर प्रतिकारशक्तीत होणारे बदल त्याने थांबले नाहीत. रुग्णालयात गंभीर रुग्णांना ग्लुटामिन देतात असंही सांगितलं जातं. तिथला अनुभव तर उलट सावध करणारा आहे. अनेक अवयव निकामी होत असलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत मोठ्या डोसच्या ग्लुटामिनने मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. धडधाकट माणसाने पाच ग्रॅम घेतलं तर असं काही होत नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण रुग्णालयाचा दाखला जिमच्या डब्याला लावायचा नाही, एवढं त्यातून घ्यावं.

अन्नात ग्लुटामिन असतंच. दूध, तांदूळ, डाळी, मासे यांच्या प्रोटीनमध्ये ते साधारण पाच ते दहा टक्के भरतं. वरच्या १०२ ग्रॅमच्या ताटातून पाच-दहा ग्रॅम सहज पोटात जातं. डब्यातला एक स्कूप तेवढाच असतो.

डब्यावरची अक्षरं कशी वाचायची

व्हे प्रोटीनच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘प्रोटीन २४ ग्रॅम, बीसीएए ५.५ ग्रॅम, ग्लुटामिन ४ ग्रॅम’. हे साडेपाच आणि चार त्या चोविसातच आहेत, वरचे नाहीत. दुधाच्या कुठल्याही प्रोटीनमध्ये ते निसर्गतःच असतात. त्यामुळे व्हे घेणाऱ्याने वर बीसीएए घ्यायचं म्हणजे एकाच गाडीचं तिकीट दोनदा काढायचं. गिऱ्हाइकाला तिन्ही डबे एकत्र घ्यायला लावणारा दुकानदार तिन्हींवरची अक्षरं एकमेकांशेजारी धरून दाखवत नाही.

ग्लुटामिनची आणखी एक भानगड आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. पावडरमधलं प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. सरासरी प्रोटीनमध्ये १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणक. पण ग्लुटामिनमध्ये नायट्रोजन १९ टक्क्यांवर असतो. गुणाकार केला की एक ग्रॅम ग्लुटामिन चाचणीत १.२ ग्रॅम ‘प्रोटीन’ दिसतं. स्वस्त ग्लुटामिन किंवा ग्लायसिन मिसळून आकडा फुगवायची वाट इथून फुटते. म्हणून व्हेच्या डब्यामागची घटकांची यादी वाचा. त्यात व्हेबरोबर ‘एल-ग्लुटामिन’ किंवा ‘ग्लायसिन’ स्वतंत्र घटक म्हणून आलं असेल, तर पुढच्या २४ ग्रॅममधले किती खरे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. प्रामाणिक डब्यावर प्रत्येक अमिनो आम्लाचा तक्ता असतो. त्यात ल्युसिन शोधा. २४ ग्रॅम प्रोटीनमागे ते अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं.

पैशांचं गणित सोपं आहे. डब्याच्या किमतीला स्कूपच्या संख्येने भागायचं. समजा डबा १,५०० रुपयांचा आणि त्यात ३० स्कूप, तर एक स्कूप ५० रुपयांना पडला आणि मिळाली पाच-सहा ग्रॅम अमिनो आम्लं. अंडं सात रुपयांना धरलं तर पन्नासात सात अंडी येतात, त्यात ४२ ग्रॅम पूर्ण प्रोटीन. त्या सात अंड्यांत बीसीएएच आठ ग्रॅमच्या वर असतं.

‘पण मला फरक जाणवतो’

असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. काही प्रयोगांत बीसीएए घेतलेल्यांना व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठणक थोडी कमी जाणवली. पण त्यातल्या बऱ्याच प्रयोगांत तुलना काहीच न घेणाऱ्यांशी किंवा नुसत्या गोड पाण्याशी होती. पुरेसं प्रोटीन खाणाऱ्याला वर बीसीएए दिल्याने तेवढाच आराम मिळतो, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणि कोकणात आणखी एक कारण संभवतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये तासाभरात अंगावरचा बनियन पिळता येतो. हवा एवढी दमट की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. त्यात पाणी आणि मीठ दोन्ही जातात आणि थकवा येतो. एरवी जो मुलगा व्यायाम करताना पाण्याला तोंड लावत नाही, तो बीसीएएच्या निमित्ताने पाऊण लिटर आंबट-गोड पाणी पितो. पुष्कळ डब्यांत सोडियमही घातलेलं असतं, काहींत कॅफिन. तरतरी येते ती त्याने. पडताळून बघायचं असेल तर दोन आठवडे त्याच बाटलीत पाऊण लिटर पाणी, त्यात दोन-तीन चमचे साखर आणि चिमूट-दोन चिमूट मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या. आगळाचं करणार असाल तर वरून मीठ नको, आगळ मुळातच खारट असतं. वहीत रोज कुठल्या वजनाचे किती रेप्स झाले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या किती दुखल्या, ते दहापैकी आकड्यात लिहा. मग दोन आठवडे पुन्हा बीसीएए. दोन्ही पानं शेजारी ठेवली की उत्तर मिळतं.

ताट सुधारूनही महिनाभरात वजनं पुढे सरकत नसतील आणि ठणक तीन-तीन दिवस जात नसेल, तरीही डब्याकडे वळण्याआधी झोप मोजा. पहाटे बंदरावर जाऊन रात्री जिम करणाऱ्याची झोप पाच तासांवर आलेली असते. ती भरून काढणारी पावडर अजून निघालेली नाही. दुसरं म्हणजे एकदम वाढवलेली वजनं. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांबरोबर पायांचे वीस सेट मारले तर कुठलंच अमिनो आम्ल जिना उतरवून देणार नाही.

पावडरचा उपयोग कुठे होतो

अशी वेळ असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. पाठोपाठ श्रावण, त्यात कित्येक घरांत अंडंही चालत नाही. पहिल्या दोन महिन्यांची बेगमी आपल्याकडे परंपरेने असतेच. सुका जवळा किंवा सुके बोंबील यांत वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, कारण पाणी निघून गेलेलं असतं. पंचवीस ग्रॅम जवळ्याच्या सुक्यातून १५ ग्रॅम मिळतात. ताज्या बोंबलाचं याच्या बरोबर उलट. त्यात बहुतेक पाणीच, शंभर ग्रॅममध्ये दहाच्या आसपास प्रोटीन. ‘मच्छी खाल्ली’ म्हणताना कुठली, हे बघावं लागतं ते यासाठी. खारवलेली सुकी मासळी असेल तर दोनदा पाण्यात भिजवून पाणी टाकून द्या. रक्तदाब असलेल्याने आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेल्याने ती बेतानेच खावी.

श्रावणात त्याच मुलाचं ताट ३७ वर आलेलं असतं. दुपारी ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी, त्याचे २०. रात्री चवळी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, भाजीच्या वर जास्तीचे ९-१०. दिवसभरात ४०० मिली दूध, त्याचे साधारण १३. वाटीभर दह्याचे ६. चण्यांचे ८. सगळं मिळून ९३-९४ होतं. पण एवढ्या वड्या आणि उसळ प्रत्येकाच्या पोटाला रोज मानवत नाही, गॅस धरतो. अशा वेळी त्यातल्या २० ग्रॅमच्या जागी एक स्कूप साधं व्हे घेणं व्यवहारी आहे. ते नऊच्या नऊ अमिनो आम्लांचं प्रोटीन आहे, तीन तुकड्यांचं नाही. पावडरच घ्यायची झाली तर ही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, मग ते व्हे असो की चवळी. यकृताच्या काही रुग्णांना डॉक्टर स्वतः बीसीएए लिहून देतात. तो औषधोपचाराचा भाग झाला, जिमच्या सल्ल्याने बदलायचा नाही. आणि ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो, त्यात शरीराला हीच तीन अमिनो आम्लं पचवता येत नाहीत. अशांना हा डबा विषासारखा आहे.

घरात आधीच आणलेला डबा असेल तर फेकून द्यायला नको. बीसीएए व्यायाम करताना पाण्यात घालून संपवा, नवा आणू नका. पाण्यावर पांढरी साय तरंगली तर ती भेसळ समजू नका. ल्युसिनला पाणी सहज धरत नाही, म्हणून ते वर राहतं आणि कडूही तेच लागतं. लेसिथिन लावलेली पावडर तेवढी चटकन मिसळते. ग्लुटामिन पाण्यात मिसळल्यावर लगेच प्या. दिवसेंदिवस बाटलीत ठेवलं तर ते हळूहळू फुटतं आणि त्यातून अमोनिया सुटतो.

पावसाळ्यात दोन्ही डबे हवेतला ओलावा ओढतात. आंबट चवीच्या बीसीएएत सायट्रिक अ‍ॅसिड असतं, त्याचा जुलैमध्ये दगड होतो. नुसती गाठ झाली म्हणून पावडर बिघडत नाही. चमच्याने फोडा, पण मग स्कूपच्या मापावर विसंबू नका. दबलेल्या पावडरचा एक स्कूप दीड स्कूपच्या वजनाचा भरू शकतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅम मोजा. ओला चमचा किंवा घामेजलेला हात आत घालू नका. रंग पालटला, कुबट वास आला किंवा गाठीवर ठिपके दिसले, तर मात्र तो डबा उकिरड्यावरच जायचा.